डास किती, आणि किती दिवसांचे?

ज्या गावात हिवताप अजून कुणालाच नाही अशा गावात एक रोगी आला, तर त्याच्यापासून पुढे सरासरी किती नवे रोगी तयार होतील? ही जी संख्या येते तिला आजाराची मूलभूत पुनरुत्पादन संख्या म्हणतात. या क्षेत्रातली माणसं बोलताना तिला ‘आर-नॉट’ म्हणतात. ती एकाच्या वर असेल तर आजार पसरतो, एकाच्या खाली असेल तर आपोआप विझतो. गोवरात हा हिशेब माणसाकडून थेट माणसाकडे जातो. हिवतापात मात्र मधे डास आहे, त्यामुळे डासाचं चावणं आणि डासाचं आयुष्य या दोन्ही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतात. नेमका त्यावरच दोघांचा वाद झाला. मामांची सगळी नोकरी गडचिरोलीकडे हिवताप विभागात गेली, भाची कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं होतं, म्हणून ते इथे मांडतो आहे.

मामा: आमच्या कामाचं सूत्र सोपं होतं. डबकी बुजवा, गटारं वाहती करा, विहिरीत गप्पी मासे सोडा, टाक्यांत टेमिफॉस टाका. डास निम्मे झाले की हिवताप निम्मा. याला वेगळं गणित कशाला हवं?

भाची: डास निम्मे झाले तर आर-नॉटही निम्माच होतो, हे तुमचं खरं आहे. पण डासांची संख्या हा या हिशेबातला सगळ्यात कमजोर आकडा आहे, मामा. आपण एक गाव धरू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण अवाजवी नाहीत. दर माणशी डासाच्या दहा माद्या. प्रत्येक मादी साधारण तीन दिवसांनी रक्त पिते, पण दर वेळी माणसाचंच नाही, गुराढोरांचंही. म्हणजे एका मादीचा माणसाला चावा दहा दिवसांतून एकदा, असं धरू.

मामा: चालेल. क्युलिसिफेसीस डास बहुतेक वेळा गोठ्यातच जातो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

भाची: आता एक रोगी घ्या. तो शंभर दिवस दुसऱ्याला लागण देण्याच्या अवस्थेत राहिला. दहा माद्या, प्रत्येकीचा दहा दिवसांत एक चावा, म्हणजे रोज एक चावा. शंभर दिवसांत शंभर चावे. त्यातल्या चाळीस माद्यांना लागण झाली असं धरू.

मामा: चाळीस डास! मग गाव संपलंच.

भाची: नाही, कारण त्या चाळीस माद्या आज कुणालाही हिवताप देऊ शकत नाहीत. परजीवी आधी डासाच्या पोटाच्या भिंतीवर वाढतो, मग त्याचे बीजाणू लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोचतात. फॅल्सिपॅरम हिवतापात, सत्तावीस अंश तापमानाला, याला सुमारे दहा दिवस लागतात. ते दहा दिवस मादी जगली तरच ती धोक्याची. समजा रोज शंभरातल्या दहा माद्या मरतात, नव्वद उरतात. तर दहा दिवसांनी शंभरातल्या पस्तीस उरतील. म्हणजे आपल्या चाळीसातल्या चौदा.

मामा: आणि त्या चौदा पुढे किती जगतात?

भाची: मरण्याचा वेग तोच राहिला तर सरासरी साडेनऊ दिवस. तेवढ्या दिवसांत प्रत्येकीचा माणसाला जवळपास एक चावा. एकूण तेरा चावे. त्यातल्या निम्म्या चाव्यांनी माणसाला लागण झाली, तर नवे रोगी साडेसहा. या गावाचा आर-नॉट झाला 6.6.

मामा: ठीक. आता माझं काम कर. डास दहाचे पाच कर.

भाची: 6.6 चे 3.3. साथ पसरतच राहणार. फक्त संख्या घटवून आर-नॉट एकाखाली आणायचा तर दर माणशी दहा माद्यांच्या दीड माद्या कराव्या लागतील. शंभरातले पंचाऐंशी डास घालवायचे, आणि ते कायम तसेच ठेवायचे. गटारं, भातखाचरं, ओढ्याच्या कडेची डबकी धरून, सगळ्या गावात. तुम्ही पावसाळ्यात असं एकदा तरी करू शकलात का?

मामा यावर काही बोलले नाहीत. इथे थोडी मागची गोष्ट सांगितली पाहिजे. हे गणित शहरातल्या खोलीत बसून सुचलेलं नाही. रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला ॲनाफिलीस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. त्यानंतर त्यांच्यावर आक्षेप आला तो अगदी व्यवहारी होता: सगळे डास मारणं अशक्य, मग शोधाचा उपयोग काय? रॉस यांचं उत्तर असं की सगळे मारावे लागत नाहीत, त्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की हिवताप टिकत नाही. ही मर्यादा त्यांनी गणिताने मांडली. 1950 च्या दशकात जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी तेच गणित पुढे नेलं आणि त्यात दाखवून दिलं की सगळ्यात जास्त वजन डासाच्या आयुष्याला आहे. भाचीने वर बोटांवर केलेला हिशेब सूत्रात असा दिसतो:

R0 = m a² b c pⁿ ÷ (r × (−ln p))

m म्हणजे दर माणशी माद्या. a म्हणजे एका मादीचे रोजचे माणसाला चावे. b आणि c म्हणजे चावल्यावर माणसाला आणि डासाला लागण होण्याची शक्यता. p म्हणजे डास आज आहे तर उद्याही असण्याची शक्यता. n म्हणजे परजीवीला डासात पक्व व्हायला लागणारे दिवस. r म्हणजे माणूस बरा होण्याचा वेग. पाहण्यासारखी गोष्ट एवढीच आहे: m एकदा येतो, a दोनदा येतो, आणि p घातांकात बसलेला आहे.

मामा: चावणं दोनदा का घेतलं? चावतो तर डास एकदाच.

भाची: हिवताप पोचवायला डासाला दोन चावे लागतात. एकदा रोग्याला चावून लागण घेतो, पुन्हा निरोगी माणसाला चावून देतो. चावणं निम्मं केलं की दोन्ही टोकांना निम्मं होतं. आपल्याच गावात बघा. शंभरऐवजी पन्नास चावे, वीस माद्यांना लागण, त्यातल्या सात जगल्या, प्रत्येकीचा पुढे अर्धाच चावा. नवे रोगी 1.65. डास निम्मे केले तेव्हा 3.3 होते. मच्छरदाणीचा फायदा म्हणून तिच्या नुसत्या वापरापेक्षा मोठा दिसतो.

मामा: हे पटतं. आणि गुरांचंही यातच येतं. गोठा असला की डास माणसाकडे कमी येतात, असं आम्ही म्हणायचो.

भाची: येतं, आणि उलटही येतं. ब्रिटिश गियानात डेमेरारा नदीच्या मुखाकडच्या भागात डीडीटीने हिवताप घालवला होता. पण तिथे ॲक्वासॅलिस नावाचा दुसरा डास होताच, तो गुरांवर जगायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आला नाही. पुढे शेतात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तोच डास माणसांकडे वळला. हिवताप परत आला. तिथे बदलला तो माणसाला होणारा चावा, आणि तो सूत्रात वर्गात आहे.

मामा: आमच्याकडेही ट्रॅक्टर आलेत. हे कुणी मोजत नाही.

भाची: मोजलं पाहिजे. पण आता आयुष्याकडे या. डास तेवढेच, चावणं तेवढंच. फक्त रोज शंभरात दहा मरत होते ते वीस मरू द्या. रोज नव्वद उरायचे, आता ऐंशी.

मामा: दहाचा फरक. आर-नॉट फार तर थोडा खाली येईल.

भाची: चाळीस लागण झालेल्या माद्या. दहा दिवसांनी त्यातल्या चारच उरल्या, आधी चौदा होत्या. त्या चार पुढे जगतात साडेचार दिवस, आधी साडेनऊ जगायच्या. सगळ्यांचे मिळून माणसाला चावे दोनच्या आत. नवे रोगी 0.96. एकाखाली गेलो, मामा. आणि गावातला एकही खड्डा बुजवला नाही.

मामा: पुन्हा एकदा सांग.

भाची: डासाला दहा दिवसांची परीक्षा आहे आणि ती रोज द्यायची आहे. रोजच्या मरणात थोडी वाढ झाली की ती दहा वेळा गुणली जाते. शिवाय पक्व झाल्यावर उरणारं आयुष्यही तोकडं होतं. म्हणून 90 चे 80 केल्यावर आर-नॉट सातपट कमी झाला. याची दुसरी बाजूही बघा. पावसाळ्यात हवा ओलसर असते, डास जास्त जगतो, तापमानही बेताचं असतं. म्हणूनच पावसाळ्यात आणि तो संपताना रोगी वाढतात. तेच वीस अंश तापमानाला फॅल्सिपॅरमला अठ्ठावीस दिवस लागतात. रोज नव्वद टक्के जगणाऱ्या डासांतले तेवढे दिवस काढणारे शंभरात पाचच.

मामा: मग भिंतीवरच्या फवारणीचं आता कळतं. आम्हाला शिकवायचे की ॲनाफिलीसची मादी रक्त पिऊन जड होते, लांब उडत नाही, जवळच्या भिंतीवर बसते आणि तिथेच पचवते. भिंतीवर औषध असलं की मरते.

भाची: आणि दर दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा प्यायला येणार, पुन्हा भिंतीवर बसणार. परजीवी पक्व व्हायच्या आत तीन-चार वेळा तिला त्या भिंतीवरून जावं लागतं. प्रत्येक वेळी अर्ध्या मेल्या तरी चार फेऱ्यांनंतर सोळातली एक उरते. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी 1946 पासून कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घराघरांत डीडीटी फवारलं, ते याच वाटेने चाललं. पुढे 1953 साली देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रोगी असल्याचा अंदाज होता. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते लाखाच्या आसपास आले.

मामा: आणि 1976 साली पुन्हा चौसष्ट लाख झाले, तेही सांग.

भाची: सांगते. डासांनी डीडीटीला दाद देणं सोडलं, आणि फवारणीही ढिली पडली. सूत्रात काय झालं ते बघू. फवारूनही रोज उरणारे 80 न होता 88 झाले, तर आर-नॉट 6.6 वरून 4.4 वर येतो. खर्च तोच, औषध तेच, आणि साथ चालू.

मामा: माझी हरकत वेगळी आहे. तुझ्या कागदावर भिंत एकच असते. माझ्या गावात फवारणी झाली की आठवड्याभरात सण येतो आणि बाई भिंत सारवते. शेण-मातीच्या थराखाली औषध गेलं. उन्हाळ्यात सगळं घर अंगणात बाजेवर झोपतं. तिथे कुठली भिंत? कागदावर नव्वद टक्के घरं फवारलेली, पण डासाला निम्मी घरं मोकळी. तुझ्या p ला हे कसं कळणार?

भाची: नाही कळणार. म्हणून p मोजावा लागतो. फवारलेल्या घरांची संख्या म्हणजे p नव्हे.

मामा: आम्ही एक करायचो. फवारलेल्या भिंतीवर प्लास्टिकचा शंकू चिकटवायचा, त्यात माद्या सोडायच्या, अर्धा तास भिंतीवर बसू द्यायच्या. मग बाहेर काढून साखरपाण्यावर ठेवायच्या आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजायच्या. शंभरातल्या ऐंशीपेक्षा कमी मेल्या तर त्या भिंतीचं औषध संपलं. सारवलेल्या भिंतीवर जवळजवळ सगळ्या जिवंत निघायच्या.

भाची: त्यातून भिंत कळते. गावातले डास खरोखर किती जगतात, ते डासाच्या पोटातून कळतं. कीटक समाहारक पहाटे टॉर्च आणि चोषण नळी घेऊन गोठ्यात, घरात डास धरतो. तेव्हा आपण फक्त तासाला किती मिळाले तेवढं लिहितो. त्याच माद्यांचे अंडाशय सूक्ष्मदर्शकाखाली उघडले तर एकदाही अंडी न घातलेल्या मादीत हवेच्या बारीक नळ्यांची टोकं गुंडाळलेली दिसतात. एकदा अंडी घातली की ती ताणून उलगडतात आणि पुन्हा गुंडाळत नाहीत. म्हणजे तरुण मादी कुठली आणि अनुभवी कुठली, हे डोळ्याने दिसतं.

मामा: आणि त्यावरून आकडा?

भाची: रक्त पिऊन अंडी घालण्याची फेरी तीन दिवसांची असली, आणि शंभरातल्या त्र्याहत्तर माद्यांनी अंडी घातलेली निघाली, तर रोज नव्वद टक्के जगतात. एक्कावन्न निघाल्या तर ऐंशी टक्के. फवारणीपूर्वी त्र्याहत्तर आणि महिन्याने एक्कावन्न, तर काम झालं, भले नळीत सापडणारे डास तेवढेच असोत. आणि नळीतले डास निम्मे झाले, पण अंडी घातलेल्या त्र्याहत्तरच राहिल्या, तर फार काही झालं नाही. हा आकडा गावात फवारणी पोचली की नाही ते सांगतो, सारवणासकट आणि अंगणासकट.

इथे माझं मत सांगतो. मामांचा आक्षेप सूत्राच्या वर्मावर बोट ठेवतो. या सूत्रात सगळी माणसं सारखी चावली जातात, डास म्हातारा होत नाही आणि सगळे डास घरातच बसतात. प्रत्यक्षात ओढ्याजवळच्या चार घरांना गावातले निम्मे चावे मिळतात, आणि अशा विषमतेने आर-नॉट सरासरीवरून निघतो त्यापेक्षा मोठा होतो. म्हणून 0.96 हा आकडा निश्चिंत होण्याचा नाही. सूत्राचं खरं मोल तुलनेत आहे: कुठली कळ दाबली तर किती फरक पडेल, हे ते चांगलं सांगतं.

मामा: तुझं मान्य केलं तरी अळ्या मारणं फुकट आहे असं मी म्हणू देणार नाही. मुंबईचं बघ. 1911 साली डॉ. बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाची चौकशी केली, तेव्हा स्टीफेन्सी डास विहिरींत वाढताना सापडला. विहिरी बंद करा, झाका, असं त्यांनी सांगितलं. आज तोच डास गच्चीवरच्या टाकीत आहे. टाकी मोजता येते, झाकता येते.

भाची: ते मी खुशाल मान्य करते. जागा थोड्या, पक्क्या आणि सापडणाऱ्या असतील तर डासांची संख्या खरंच दीडवर आणता येते. पण लाहोरजवळच्या मियां मीर छावणीचंही लक्षात ठेवा. 1902 च्या सुमारास तिथे जेम्स आणि क्रिस्टोफर्स यांनी डबकी बुजवून, कालव्यांच्या कडा साफ करून वर्षानुवर्षं प्रयत्न केले, हिवताप हटला नाही. पाटाच्या पाण्याचा मुलूख, डास बाहेरून उडत येत होते. तिथे लागण झालेल्या मादीचं आयुष्य तोकडं करणं हाच मार्ग होता, आणि भिंतीवर टिकणारं औषध तेव्हा हाती नव्हतं.

मामा: म्हणजे गच्चीवर टाकी, तर झाकण. गडचिरोलीच्या जंगलात ओढे आणि भात, तर भिंत आणि मच्छरदाणी.

भाची: आणि औषध लावलेली मच्छरदाणी तर दोन्ही कळा एकदम दाबते. माणूस मिळत नाही म्हणून चावा कमी, आणि जाळीवर बसली की मादी मरते म्हणून आयुष्यही कमी. धुराच्या गाडीचं मात्र मी असं म्हणू शकत नाही. ती त्या संध्याकाळी उडणारे डास मारते. दुसऱ्या दिवसापासून मरणाचा वेग पुन्हा जुनाच. रोजचं मरण वाढवायचं तर औषध रोज तिथे असलं पाहिजे.

मामा: लोकांना धूर आवडतो. दिसतो ना.

भाची: म्हणून तर लोकांना हे सांगायला हवं.

मामा: मग मी माझ्या भाषेत सांगतो, तू आकडे ठेव. घरात फवारणीवाले आले तर भांडी-कपडे बाहेर काढून सगळ्या खोल्या फवारू द्या, देवघर आणि गोठाही. फवारलेली भिंत दहा-बारा आठवडे सारवू नका, चुना लावू नका. सण आला तर पुढचा दरवाजा रंगवा, आतल्या भिंतीला हात लावू नका. अंगणात झोपायचं असेल तर मच्छरदाणी अंगणात न्या.